दहा तारखेच्या आत

आमच्या दूध संस्थेच्या भिंतीवर एक फळा आहे. त्यावर फॅटप्रमाणे दराचं पत्रक, पशुवैद्यक कुठल्या वारी येणार, पेंड आली की गेली, असलं सगळं लागतं. सकाळी पाच ते सात आणि संध्याकाळी पाच ते सात गावातलं निम्मं माणूस किटली घेऊन त्या फळ्यासमोर उभं असतं. मापाला वेळ लागतो, मग माणूस समोर जे असेल ते वाचतं. ग्रामपंचायतीच्या बोर्डावरची नोटीस वर्षभर कुणी वाचत नाही. आमच्या फळ्यावर मात्र म्हैस विकणे आहे असा कागद लागला तर रात्रीपर्यंत तिसऱ्या गावात कळतं.

२००५ साली मी संस्थेचा संचालक होतो. फळ्याच्या जाळीच्या दाराची किल्ली माझ्याकडं असायची. हे सांगायचं कारण एवढंच, की त्या किल्लीसाठी भाऊसाहेब माझ्या घरी आले.

भाऊसाहेब म्हणजे शेजारच्या बाजारगावातल्या बँकेच्या शाखेतले कारकून. बँकेचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. तिकडं पूर्व भागातून बदली होऊन आलेले, तिशी-बत्तिशीचे, बारीक अंगाचे. आमच्या गावात भाड्यानं राहायचे, कारण बाजारगावात भाडं जास्त. सायकलवरून जायचे-यायचे. काउंटरवर फार बोलायचे नाहीत. पासबुक भरताना शेवटच्या शिल्लक रकमेखाली दोन रेघा ओढायचे, पट्टीनं ओढल्यासारख्या सरळ. तेव्हा आमच्या शाखेत पासबुक हातानं भरायचे. त्यामुळं त्यांचं अक्षर सगळ्या गावाच्या ट्रंकेत होतं.

रात्री जेवणवेळ टळल्यावर आले. मंडळींनी चहा ठेवला तर नको-नको म्हणाले. मग खिशातून घडी घातलेला फुलस्केप काढला आणि म्हणाले, "आण्णा, हा कागद फळ्यावर लावता येईल का? पण माझं नाव कुठं यायला नको."

मी वाचला. बचतीची सवय म्हणून वर लिहिलेलं आणि खाली दहा-बारा ओळी. अक्षर मुद्दाम जरा तिरकं काढलेलं. पण शेवटच्या रकमेखाली दोन सरळ रेघा होत्याच. मी हसलो. म्हटलं, "भाऊसाहेब, नाव नाही घातलं तरी ह्या रेघा बोलतात की." त्यांनी लगेच कागद परत घेतला, पेन काढलं, आणि रेघांची गिरवून वेलबुट्टी केली.

त्या पहिल्या कागदात काय होतं ते नीट सांगतो, कारण आता ते नियम राहिले नाहीत आणि नव्या पोरांना ते ठाऊकही नाहीत.

त्या काळी बचत खात्यावर साडेतीन टक्के व्याज होतं. पण ते रोजच्या शिलकीवर मिळत नव्हतं. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यावर जी सगळ्यात कमी रक्कम राहील, तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज. म्हणजे तुम्ही बारा तारखेला पाच हजार भरले तर त्या महिन्यापुरते ते भरले न भरले सारखेच. आणि महिनाभर पैसे ठेवून अठ्ठावीस तारखेला काढले, तरी जणू महिनाभर ते तिथं नव्हतेच.

भाऊसाहेब रोज काउंटरवर हेच बघत होते. आमच्याकडं दुधाची बिलं महिन्याला तीन. एक ते दहा, अकरा ते वीस आणि एकवीस ते अखेर. बिल हातात पडायला तीन-चार दिवस जातात. म्हणजे पहिलं बिल मिळणार तेरा-चौदाला. माणसं ते घेऊन बँकेत जायची आणि महिनाअखेरीला किराण्याचं खातं भागवायला काढून आणायची. वर्षभर बँकेत खेपा आणि व्याजाच्या रकान्यात चिंचोके.

कागदावर त्यांनी हिशेब मांडला होता. पाच तारखेला खात्यावर दहा हजार आहेत. अठ्ठावीसला साडेचार हजार काढले. त्या महिन्याचं व्याज साडेपाच हजारांवर धरणार, म्हणजे सोळा रुपये. तेच पैसे अठ्ठावीसऐवजी पुढच्या एक तारखेला काढले असते, तर दहा हजारांवर एकोणतीस रुपये पडले असते. दुकानदाराला तीन दिवस थांबायला सांगायचं, एवढंच. आणि एक तारखेला काढलेले पैसे दहाच्या आत परत भरता आले, तर पुढच्या महिन्याचंही काही बुडत नाही. एक ते दहा हे दिवस उघड्या दारासारखे, असं त्यांनी लिहिलं होतं. महिन्याअखेरचं तिसरं बिल तीन-चार तारखेला मिळतं, तेव्हा बँकेत घालायचं असेल तर ते बिल घाला, मधलं नको.

मी सकाळी कागद लावला. पहिल्या दिवशी लोक वाचून गप. दुसऱ्या दिवशी एकजण म्हणाला, "एकोणतीस वजा सोळा, तेरा रुपये. तेरा रुपयांपायी दुकानदाराच्या शिव्या खायच्या व्हय?" बाकीचे हसले. फळ्याच्या मागच्या बाजूला भाऊसाहेब दुधाची बाटली घेऊन उभे होते. अर्धा लिटर रतिबाचं दूध ते संस्थेतूनच न्यायचे. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी बघितल्या. दूध न घेताच गेले.

संध्याकाळी मी गेलो त्यांच्या खोलीवर. म्हणाले, काढून टाका कागद. मी म्हटलं, तेरा रुपये म्हणजे म्हशीचं लिटरभर दूध, ते सांडलं तर हाच माणूस बायकोला चार दिवस बोलेल. त्यांना ते पटलं नाही. मग बोलता बोलता भीती कसली ते बाहेर आलं. लोक हसले ते एक. पण त्यांना धास्ती होती ती साहेबाची. बँकेत लागताना गुप्ततेच्या कागदावर सही करावी लागते. कुणाच्या खात्यावर काय आहे ते जिवात जीव असेपर्यंत बोलायचं नाही. त्यात कारकुनानं परस्पर फळ्यावर लिहायचं, तेही गिऱ्हाइकाला व्याज जास्त कसं मिळेल ते. साहेब म्हणणार, तू पगार कुणाचा खातोस? आणि तिसरी गोष्ट त्यांनी खाली बघत सांगितली. बहिणीच्या लग्नाला त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. पगारातून हप्ता कापत होते. "आण्णा, स्वतः कर्जात आहे आणि बचत शिकवतोय, असं कुणी तोंडावर म्हटलं तर काय सांगू?"

मी काही बोललो नाही. असल्या वेळी माणसाला उत्तर नको असतं. पण जाताना म्हटलं, तेरा रुपये खरोखरच कमी आहेत. त्याहून मोठा आकडा तुमच्याकडं असेल तर तो लिहा.

आठवडाभरानं दुसरा कागद आला, आणि तो पहिल्यापेक्षा फार चांगला होता.

त्यात त्यांनी जून महिना घेतला होता. आमच्याकडं जूनमध्ये सगळं एकदम येतं. बी-बियाणं, खत, पोरांची पुस्तकं, गणवेश, छपराचे कौल. उसाचं बिल उन्हाळ्यातच संपलेलं. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करून हातात पडायला उशीर. मग पाच-सहा हजारांसाठी माणूस सावकाराकडं जातो. दर शेकडा तीन. शेकडा तीन म्हटलं की कानाला हलकं लागतं, कारण आपण ते महिन्याचं आहे हे विसरतो. सहा हजाराला महिन्याला एकशे ऐंशी. सोयाबीन विकेपर्यंत चार महिने धरले तर सातशे वीस. मुद्दल वेगळं.

आता दुसरी बाजू. आवर्ती ठेव नावाचं खातं असतं. दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची. महिन्याला पाचशे, बारा महिने, सहा हजार. त्यावर तेव्हाच्या दरानं दोनशे रुपयांच्या आसपास व्याज मिळायचं. भाऊसाहेबांनी लिहिलं होतं, ह्या दोनशेकडं बघू नका. ते सातशे वीस बघा, जे तुम्हाला द्यावे लागणार नाहीत. बँक तुम्हाला दोनशे देते आणि तुमची स्वतःची बचत तुम्हाला सातशे वीस देते. पासबुकावर पहिला आकडा छापतात, दुसरा कुठंच लिहिला जात नाही, म्हणून तो दिसत नाही.

हे आमच्या लोकांना कळलं. सावकाराचा आकडा प्रत्येकाच्या मुठीत होता. तेरा रुपयेवाला तो माणूस दुसऱ्यांदा वाचायला थांबला.

पण खरी धाडसाची ओळ सगळ्यात शेवटी होती. घरात शेकडा तीनचं कर्ज चालू असेल तर बँकेत ठेव ठेवू नका, आधी ते फेडा. एका खिशात वर्षाला सहा टक्क्यांनी पैसे ठेवून दुसऱ्या खिशातून वर्षाला छत्तीस टक्के देणं ही बचत नाही. बँकेचा माणूस सांगतो बँकेत पैसे ठेवू नका! ती ओळ लिहून त्यांनी खोडली होती, मग बाजूला पुन्हा लिहिली होती. मी विचारलं, ठेवू का? म्हणाले, "ती काढली तर बाकीचा कागद खोटा होतोय."

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी कागद यायला लागला. लोक त्याला 'पान' म्हणायला लागले. पान आलं का, अशी विचारणा व्हायची. कोण लिहितं हे निम्म्या गावाला कळलं होतं, पण कुणी बोलून दाखवत नव्हतं. खेड्यात अशी एक रीत आहे. माणसाला लपायचं असेल तर लपू देतात, आणि त्याला बघतातही.

मग ते झालं.

चौथ्या का पाचव्या पानात त्यांनी एका बाईची गोष्ट लिहिली. दोन म्हशी असलेली एक बाई. दर बिलातून दीडशे रुपये बाजूला काढते. महिन्याला तीन बिलं, साडेचारशे. घरच्यांना बिल कमी झालं असं सांगत नाही, फक्त पैसे हातात आल्या-आल्या आधी दीडशे वेगळे करते आणि उरलेल्यात घर चालवते. दीड वर्षात आठ हजार एकशे रुपये. पानाचा मुद्दा बरोबर होता. खर्च करून उरलं तर ठेवू म्हणणाऱ्याचं कधी उरत नाही, आधी ठेवून उरलेल्यात भागवणाऱ्याचं भागतं. आकडेही सोपे होते. पण भाऊसाहेबांनी बाई घातली, म्हशी घातल्या आणि दीड वर्ष घातलं.

आमच्या गावात दोन म्हशींची घरं त्या वेळी चाळीसेक तरी असतील. त्या संध्याकाळी चाळीस घरांत भांडण लागायचं तेवढं बाकी राहिलं. पुरुष मंडळी वाचून घरी गेली आणि प्रत्येकानं बायकोकडं वेगळ्या नजरेनं बघितलं. "ती बाई तूच न्हवं?" कुणी डब्यातली साखर ओतून बघितली, कुणी उतरंडीची मडकी उतरवली. आमच्या मंडळींनी मला विचारलं, तुम्ही नाही का शोधणार? मी म्हटलं, मला सापडलं तर खर्चून टाकीन, त्यापेक्षा न सापडलेलं बरं. त्या हसल्या, पण कुठं ठेवतात ते अजून सांगितलेलं नाही.

मधल्या आळीतल्या एका वहिनींचं पासबुक मात्र सापडलं. धान्याच्या कणगीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. शेणी, अंडी आणि बिलातले थोडे असे करून तिनं जमवलेले. पोरगी दहावीला होती. तिला बारावीनंतर डी. एड.ला घालायचं तिच्या मनात होतं. तेव्हा डी. एड. झालं की मास्तरीण झाली असा हिशेब होता. तिचा मालक वाईट माणूस नव्हता. विहिरीवरची मोटर जळाली होती, ऊस वाळत होता, चार दारं फिरून आला होता. त्याला पैसे लपवल्याचा राग कमी आणि सगळ्या गावासमोर फळ्यावर लागल्याचा जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो थेट शाखेत गेला. मी खतासाठी पैसे काढायला गेलो होतो, टोकन हातात होतं, म्हणून सगळं बघितलं. काउंटरच्या जाळीवर हात आपटून तो म्हणाला, "माज्या बायकूचं खातं तुमी फळ्यावर लावताय व्हय? ही बँक हाय का तमाशाचा फड?" शाखा एकदम गप्प झाली. भाऊसाहेबांच्या हातातलं पेन थांबलं. ज्या गोष्टीला ते पहिल्या रात्रीपासून घाबरत होते ती समोर उभी होती, आणि तीही घाबरले होते त्याहून वाईट. नुसता कमीपणा झाला असता तर सोसला असता. इथं गुप्तता मोडल्याचा आळ होता, आणि तो खरा ठरला तर नोकरी गेली असती.

साहेबानं दोघांना आत घेतलं. आत काय झालं ते मला भाऊसाहेबांनी पुढं सांगितलं. साहेबानं फळ्यावरचा कागद मागवून घेतला. शांतपणे वाचला. मग विचारलं, हे कुणाचं खातं? भाऊसाहेब म्हणाले, कुणाचंच नाही, आकडे मनानं घातलेत. साहेबानं शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि त्यानं ठेवला नाही हेच बरं झालं. त्यानं बचत खात्यांची लेजरं काढायला लावली आणि आमच्या गावची सगळी पानं स्वतः उलटली. महिन्याला तीनदा दीडशे, सलग दीड वर्ष, असं खातं सापडेना. दोन तास गेले. शेवटी त्यानं त्या मालकाला सांगितलं, "पाटील, ह्या कागदातल्यासारखं एकही खातं माझ्या शाखेत नाही. असतं तर मला आनंद झाला असता." वहिनींच्या खात्यावर काय आहे ते मात्र त्यानं मालकालाही सांगितलं नाही. खातं तिचं एकटीचं होतं. पैसे काढायचे तर स्लिपवर सही तिची लागणार. नवऱ्याला हक्क नाही, हे त्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. खरं सांगायचं तर बाहेर बसलेल्या आम्हा सगळ्यांनाच.

चार दिवसांनी तो वहिनींना घेऊन आला, सगळी रक्कम काढायला. वहिनींनी स्लिप भरली. चौथी शिकलेली बाई, सावकाश एकेक अक्षर. तिनं पंधराशे लिहिले. मालकानं बघितलं, तोंड उघडलं, आणि मागं रांग होती म्हणून मिटलं. पंधराशेत मोटरचं वाइंडिंग झालं. उरलेले सत्तावीसशे खात्यावर राहिले. हे आकडे वहिनींनीच पुढं आमच्या मंडळींना सांगितले, भाऊसाहेबांच्या तोंडून ते कधी बाहेर आले नाहीत.

साहेबानं भाऊसाहेबांना सोडलं तसं सोडलं नाही. म्हणाला, पान बंद करायचं नसेल तर दोन गोष्टी. पुढचं पान लावायच्या आधी मला दाखवायचं. आणि गोष्ट घालायची तर स्वतःची घालायची, दुसऱ्याची मनानंसुद्धा रचायची नाही, कारण रचलेली गोष्ट कुणाच्या तरी घरात खरी निघते. मग त्यानं ते सावकाराचं पान मागून घेतलं. भाऊसाहेबांना वाटलं, आता ठेव ठेवू नका ह्या ओळीवरून होणार. साहेब वाचून म्हणाला, "बरोबर आहे. फक्त हे मार्चमध्ये लावू नका." मार्चअखेरीला शाखेला ठेवींचं उद्दिष्ट असतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्यातलं हसू कळेल.

महिनाभर पान आलं नाही. आलं तेव्हा खाली सही होती, हुद्दा होता आणि रकमेखाली दोन सरळ रेघा होत्या. त्यात त्यांनी स्वतःचं लिहिलं. बहिणीच्या लग्नाचं कर्ज किती, हप्ता किती, तो गेल्यावर हातात काय उरतं, त्यातलं एक तारखेला आधी किती बाजूला जातं. लपवलं काही नाही. फळ्यासमोर लोक वाचत होते आणि भाऊसाहेब दूध घ्यायला रांगेत उभे होते, ह्या वेळी मागं नाही.

टीका झालीच. आमच्यातले एक थोरले तात्या, सत्तरीच्या पुढचे, चष्मा वर करून पान वाचून म्हणाले, "भाऊसाब, तुमचं समदं खरं हाय. पर तुमाला पगार एक तारखेला येतोय. आमचा पगार आभाळातनं येतोय, आन कवा येईल त्ये आभाळालाबी ठावं न्हाई. आमी दर म्हैन्याला पाचशे कुठनं भरायचं?"

मला वाटलं, आता हे पुन्हा दूध न घेता जाणार. पण भाऊसाहेबांनी सायकल स्टँडला लावली आणि तात्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसले. तुमचं पैसं कधी येतंय, कसं येतंय, जातंय कसं, विचारत गेले. तात्यांना दूध नव्हतं, नुसता ऊस. कारखान्याचा पहिला हप्ता आला की चाळीस हजार एकदम. ते बँकेत एका पावतीत ठेवायचे, वर्षाच्या मुदतीनं. जूनमध्ये आठ हजार लागले की सगळी पावती मोडायची. मुदतीआधी मोडली की ठरलेला दर मिळत नाही. जितके दिवस ठेवली तेवढ्या दिवसांचा कमी दर, आणि त्यातूनही बहुधा एक टक्का दंड म्हणून वजा. आठ हजारांसाठी चाळीस हजारांचं व्याज कापलं जायचं. शिवाय मोडलेले उरलेले बत्तीस हजार घरात आले की ते पुन्हा बँकेत जात नाहीत. कुणाचं लग्न निघतं, कुणी हातउसने मागतं.

पुढचं पान त्यावर होतं, आणि माझ्या मते सगळ्या पानांत तेच मोलाचं. चाळीस हजारांची एक पावती करू नका, आठ-आठ हजारांच्या पाच करा. लागतील तेव्हा एक मोडा, चार शाबूत राहतात. व्याजाचा दर सगळ्यांना तोच. त्यांनी लिहिलं होतं, कडब्याची सगळी वैरण एका गंजीत का रचत नाही तुम्ही? पावसात एक गंज उघडली तर बाकीच्या भिजू नयेत म्हणून. हे त्यांना तात्यांनीच सांगितलं असणार, कारण त्यांच्या पूर्व भागात आमच्यासारख्या गंजी घालत नाहीत.

त्यात एक अडचण होती, तीही त्यांनी लिहिली. पाच पावत्या म्हणजे पाच मुदती. एखादी ट्रंकेत तळाला जाते, मुदत संपून पडून राहते आणि व्याजाचं नुकसान होतं. म्हणून कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता तिथंच पावतीची मुदत लिहा. आणि पाचाच्या वर तुकडे करू नका. फार बारीक तुकडा मोडायला मन कचरत नाही, त्याची खाऊची पुडी होते.

त्या हंगामात तात्यांनी पाच पावत्या केल्या. जूनमध्ये एक मोडली. उरलेल्या चार पोळ्यापर्यंत टिकल्या, मग बैल मेला म्हणून आणखी दोन गेल्या. दोन पुऱ्या मुदतीला पोचल्या. तात्या म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा पावती पिकलेली बघितली. बाकी सगळ्या कोवळ्याच तोडल्या.

सगळ्यांचं असं झालं नाही. ज्याचा ऊस वाळला त्याच्याकडं करायला पावतीच नव्हती, आणि सावकाराच्या पानाचा त्याला काही उपयोग नव्हता. भाऊसाहेबांनाही ते कळत होतं. दोन हजार सहाच्या पुरानंतर त्यांनी तीन महिने पान लावलंच नाही. म्हणाले, ज्याच्या घरात चिखल आहे त्याला काय सांगू?

पुढं त्यांची बदली झाली. जाताना सगळी पानं मला देऊन गेले, एकोणीस निघाली. कर्ज फिटलं होतं. आता बढती घेऊन कुठं तरी साहेब झालेत असं ऐकलं.

वहिनींची मुलगी डी. एड. झाली, पण नोकरी लागायच्या वेळी डी. एड.वाल्यांचा पूर आला आणि भरतीच थांबली. ती आता तालुक्याला खाजगी बालवाडीत शिकवते. पगार थोडा आहे.

आणि पहिल्या पानाचं असं झालं, की १ एप्रिल २०१० पासून बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकीवर धरायला लागले. बारा तारखेला भरा, अठ्ठावीसला काढा, जितके दिवस पैसे तिथं होते तितक्या दिवसांचं व्याज मिळतं. तेरा रुपयांचा तो प्रश्न सुटला. मी मधल्या आळीत वहिनींना हे दोन-तीनदा समजावून सांगितलं. आता वय झालंय, गुडघे दुखतात, नातू गाडीवरून सोडतो. त्या ऐकून घेतात, मान डोलावतात. आणि महिन्याचं तिसरं बिल झालं की नऊ तारखेला सकाळी, पदराला पैसे बांधून, अजूनही बँकेत जायला निघतात.